20 मीटर केबल, टोकाला 150 ओहम: पल्सवरून एक एसडब्ल्यूआर, मीटरवर दुसरा, हिशोबात तिसरा

प्रयोगवही

मांडणी अशी आहे. 50 ओहमची आरजी-58 केबल, लांबी 20 मीटर. लांबच्या टोकाला 150 ओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर, बीएनसीवर थेट सोल्डर केलेला. जवळच्या टोकाला 74एसी14 चं एक गेट, त्यातून 50 नॅनोसेकंद रुंदीचा पल्स दर 10 मायक्रोसेकंदांनी सुटतो. स्कोपच्या तोंडावरच टी लावली आहे, एका बाजूने गेट येतं आणि दुसऱ्या बाजूने केबल जाते. स्कोपचं इनपुट 1 मेगाओहमवर.

केबल काढून टाकली की पल्सची उंची 5 व्होल्ट. केबल लावली की 4.0 व्होल्ट. त्यानंतर 202 नॅनोसेकंदांनी 0.65 व्होल्टचा सुलटा पल्स दिसतो आणि 404 ला साधारण 0.16 व्होल्टचा उलटा.

हिशोबाने परावर्तन गुणांक (150−50)/(150+50), म्हणजे 0.5 आणि एसडब्ल्यूआर 3 यायला हवा. स्कोपवरून 0.65 भागिले 4, म्हणजे 0.16 आणि एसडब्ल्यूआर 1.39. गेटच्या जागी, जवळच्याच टोकाला, नॅनोव्हीएनए लावला तर 100 मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर 1.63. एकच केबल, एकच रेझिस्टर आणि तीन उत्तरं. यातलं कुठलं धरायचं?

तांब्याची तार

केबलचा लॉस. आरजी-58 बारीक केबल आहे, ती खूप खाते. पल्स जातो तेव्हा एकदा कमी होतो, परत येतो तेव्हा पुन्हा. 0.5 चं 0.16 होणं म्हणजे साधारण 10 डीबी. जाडी केबल घ्या, उत्तर जागेवर येईल.

अर्धतरंग

लॉस आहेच, पण तो इथे दुय्यम आहे. या केबलचा लॉस 10 मेगाहर्ट्झच्या आसपास 100 मीटरला साडेचार-पाच डीबी असतो. 50 नॅनोसेकंदांच्या पल्सची बहुतेक ऊर्जा 20 मेगाहर्ट्झच्या खालीच असते. जाऊन-येऊन 40 मीटर धरले तर दोन डीबीच्या आतबाहेर. त्याने 0.5 चं 0.4 होईल, 0.16 होणार नाही.

शिवाय 404 नॅनोसेकंदांचा तो उलटा पल्स बघा. लॉस पल्सला बुटका करतो, त्याच्या कडा गोल करतो, पण तो पल्स उलटा करू शकत नाही. टोकाला 150 ओहम आहेत, म्हणजे तिथलं परावर्तन सुलटंच असणार. तरी दुसऱ्या फेरीत चिन्ह बदललं, याचा अर्थ चिन्ह जवळच्या टोकाला बदललं. परत आलेला पल्स गेटवर आपटून पुन्हा केबलमध्ये गेला आणि तिथे तो उलटा झाला. गेटचा रोध 50 ओहमपेक्षा बराच कमी आहे.

किती कमी, ते तुमच्याच आकड्यांत आहे. मोकळं गेट 5 व्होल्ट देतं, केबल लावली की 4. पहिल्या 200 नॅनोसेकंदांत गेटला टोकाच्या 150 ओहमचा पत्ताच नसतो, त्याला फक्त केबलचे 50 ओहम जाणवतात. म्हणजे 50 ओहममध्ये 4 व्होल्ट, 80 मिलिअँपिअर, आणि उरलेला 1 व्होल्ट गेटच्या आत. आतला रोध 12.5 ओहम. त्यावरून गेटकडच्या टोकाचा परावर्तन गुणांक Γs:

```
Γs = (12.5 − 50) / (12.5 + 50) = −0.6
```

आता मुख्य गोष्ट. टी स्रोताच्या टोकावर आहे, त्यामुळे तुम्ही 202 ला जे पाहता ती नुसती परत आलेली लहर नाही. परत आलेली लहर आणि तिचं गेटवरून झालेलं उलटं परावर्तन, दोन्ही त्याच क्षणी त्याच बिंदूवर असतात. स्कोपला त्यांची बेरीज दिसते. म्हणजे आलेल्या लहरीच्या 1 − 0.6 = 0.4 पट.

उलटं मोजून बघा. 0.65 भागिले 0.4 म्हणजे 1.62 व्होल्ट. खरी परत आलेली लहर एवढी आहे. तिला 4 ने भागलं की 0.405. 0.5 पासून 0.405 पर्यंतची घट तेवढी लॉसची.

गणिती चिमणी

तिसरा पल्सही बसतो. 1.62 ला −0.6 ने गुणलं की −0.97 व्होल्ट पुन्हा केबलमध्ये जातात. फेरी मारून येताना 0.405 पट, म्हणजे −0.39. त्याचं टीवर दिसणारं रूप 0.4 पट, −0.157. वर 0.16 लिहिलंच आहे. (लॉस प्रत्येक फेरीत अगदी तेवढाच धरला आहे. दुसऱ्या फेरीत कडा आधीच गोल झालेल्या असतात, तेव्हा काटेकोर बघितलं तर किंचित फरक पडेल.)

प्रयोगवही

म्हणजे टीवर दिसलेल्या दोन उंचींचा सरळ भागाकार करायचा, हेच चुकीचं होतं?

अर्धतरंग

स्रोत 50 ओहमचा असेल तर भागाकार बरोबरच आहे, कारण तेव्हा Γs शून्य आणि दिसतं ते फक्त परत आलेलं. स्रोत जुळलेला नसेल तर नाही. म्हणून हिशोबाने दुरुस्ती करत बसण्यापेक्षा स्रोतच जुळवून घ्या. गेट आणि टी यांच्यामध्ये 39 ओहम सिरीजमध्ये टाका. 12.5 अधिक 39 म्हणजे 51.5, पुरेसं जवळ. रेझिस्टर गेटच्या पायाला चिकटून हवा, मध्ये लांब तार नको.

एक बारकावा. पल्स 50 नॅनोसेकंदांत संपतो आणि परत येतो 202 ला. तोवर गेट खाली गेलेलं असतं. म्हणजे परत आलेल्या पल्सला गेटच्या खालच्या ट्रान्झिस्टरचा रोध भेटतो, आणि 4 व्होल्टवरून आपण काढला तो वरच्याचा. दोन्ही एकसारखे असतीलच असं नाही. तुमच्या बाबतीत तिसऱ्या पल्सचा आकडा जुळतोय, तेव्हा फार फरक नसावा. 39 टाकल्यावर तो फरक असला तरी 51 मधले एक-दोन ओहम एवढाच राहतो.

मनोरा

माझ्याकडेही हेच होतंय. 145 मेगाहर्ट्झचा फोल्डेड डायपोल, खाली 50 ओहमची केबल. मीटरवर एसडब्ल्यूआर 1.2. पण पल्स सोडला तर पूर्ण उलटा होऊन परत येतो, म्हणजे टोकाला शॉर्ट. अँटेना वरून शॉर्ट झाली आहे का? उतरवावी लागेल का? सिरीज रेझिस्टर टाकून हे सुटेल?

अर्धतरंग

मनोरा, तुमचा प्रश्न वेगळा आहे, सिरीज रेझिस्टरचा याच्याशी संबंध नाही. अँटेना उतरवू नका, निदान या कारणासाठी तरी नको.

फोल्डेड डायपोल म्हणजे तारेचं बंद वेटोळं. डीसीला तो शॉर्टच असतो. तुमच्या पल्समधली बहुतेक ऊर्जा ज्या फ्रिक्वेन्सींवर आहे तिथे एवढीशी अँटेना जवळपास नुसती वळवलेली तार आहे, म्हणून पल्सला शॉर्ट दिसतो. 145 ला तीच अँटेना आपला खरा रोध दाखवते आणि मीटर 1.2 म्हणतो. दोन्ही बरोबर आहेत, दोघांना विचारलेला प्रश्न वेगळा आहे. एसडब्ल्यूआर नेहमी एका फ्रिक्वेन्सीचा असतो. पल्स एकदम अनेक फ्रिक्वेन्सी पाठवतो. टोकाला शुद्ध रेझिस्टर असेल तरच सगळ्या फ्रिक्वेन्सींना एकच उत्तर मिळतं आणि एका पल्सवरून एसडब्ल्यूआर सांगता येतो.

तुमच्यासाठी पल्सचा उपयोग दुसरा आहे. फोल्डेड डायपोलच्या केबलमध्ये पल्स उलटा येणं हे निरोगी लक्षण आहे. ज्या दिवशी तो सुलटा यायला लागेल त्या दिवशी कुठेतरी तुटलं आहे, आणि किती वेळाने आला यावरून कुठे तुटलं ते कळेल. आज पल्स येतो ती वेळ लिहून ठेवा, नंतर तिच्याशीच तुलना करायची आहे.

मनोरा

साध्या, मधोमध कापलेल्या डायपोलला काय दिसेल? बलून नसेल तर?

अर्धतरंग

सुलटा, उघड्या टोकासारखा. शेपटीला थोडे हेलकावे दिसतील, तो अँटेनाचा स्वतःचा प्रतिसाद. आणि तिथे उलटा पल्स आला तर काळजी करायची, कनेक्टरमध्ये पाणी किंवा केबलच्या ब्रेडच्या जाळीची एखादी बारीक तार आत अडकलेली. बलून किंवा गॅमा मॅच असेल तर आधी तो डीसीला शॉर्ट आहे का ते मल्टीमीटरने बघून मग अर्थ लावा.

रेघोटी

मूळ शंका. एसडब्ल्यूआरमध्ये स्टँडिंग वेव्ह असते, म्हणजे केबलवर ठरावीक जागी व्होल्टेज जास्त आणि ठरावीक जागी कमी. पल्स तर येतो आणि जातो. मग पल्सवरून एसडब्ल्यूआर काढण्याला अर्थ काय? त्यात उभी राहिलेली लहर कुठे आहे?

गणिती चिमणी

पल्स केबलमध्ये केवढा लांब आहे ते आधी बघा. या केबलमध्ये लहर एका मीटरला 5.05 नॅनोसेकंद घेते (वेग प्रकाशाच्या 66 टक्के). 50 नॅनोसेकंदांचा पल्स म्हणजे साधारण 10 मीटर लांबीचा तुकडा, 20 मीटरच्या केबलमधून सरकणारा. त्याचं डोकं टोकाला पोचून परत फिरतं तेव्हा शेपूट अजून येतच असते. टोकापासून आत 5 मीटरपर्यंत जाणारा आणि येणारा भाग काही काळ एकमेकांवर असतात. तेवढ्या वेळापुरतं तिथे व्होल्टेज दीडपट. मग दोघे सुटे होतात.

आता पल्सच्या जागी न संपणारी साइन लहर सोडा. जाणारी आणि येणारी सगळ्या केबलभर कायम एकमेकांवर. जिथे दोघी एकाच वेळी वर, तिथे 1 + 0.5. जिथे एक वर आणि दुसरी खाली, तिथे 1 − 0.5. भागाकार 3, तोच एसडब्ल्यूआर. जागा बदलत नाहीत, कारण दोन्ही लहरी सारख्याच वेगाने उलट दिशांना जातात. टोकावरचं परावर्तन तेच आहे. पल्समध्ये ते वेगळं काढून बघता येतं, साइनमध्ये बेरजेतून ओळखावं लागतं.

अर्धतरंग

यात चिन्हाची भर घालतो, कारण तिथे पल्स मीटरच्या पुढे जातो. 150 ओहमऐवजी 51 ओहमचे तीन रेझिस्टर समांतर लावा, 17 ओहम होतील. गुणांक −0.49, एसडब्ल्यूआर 2.9. साधा एसडब्ल्यूआर मीटर 150 आणि 17 यांत फरक करू शकत नाही, दोन्हीला तीनच्या आसपास दाखवेल. पल्स मात्र एकदा सुलटा येईल आणि एकदा उलटा.

साइनमध्ये हा फरक जागेत दिसतो. 100 मेगाहर्ट्झला केबलमधली तरंगलांबी सुमारे 1.98 मीटर. टोकाला 150 असतील तर टोकावरच व्होल्टेज कमाल, तिथून अर्धा मीटर आत किमान, एक मीटर आत पुन्हा कमाल. 17 असतील तर टोकावर किमान आणि सगळा नमुना अर्धा मीटर सरकलेला. कमाल-किमानाचं प्रमाण तेच.

17 साठी तीन रेझिस्टर सुचवण्याला आणखी एक कारण आहे. एकाच रेझिस्टरच्या दोन सेंटिमीटर पायांचं इंडक्टन्स साधारण 20 नॅनोहेन्री धरा, 100 मेगाहर्ट्झला ते साडेबारा ओहम झाले. 150 ओहमच्या जोडीला ते काही बिघडवत नाहीत. 17 च्या जोडीला मात्र एसडब्ल्यूआर 2.9 चा 3.2 वर नेतात. तीन समांतर असले की इंडक्टन्सही वाटला जातो. पाय तरीही आखूडच कापा. वायरवाउंड रेझिस्टर अजिबात नको, तो पल्सला आधी उघड्या टोकासारखा दिसतो.

तांब्याची तार

मीटरच्या 1.63 चं मग काय? माझ्या मते केबलची लांबी अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत कापली की मीटरला टोकावरचंच दिसतं. 0.99 मीटरच्या पटीत, 19.8 मीटर. वीस सेंटिमीटर कापा आणि बघा, 3 येईल.

अर्धतरंग

अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत रोध पुन्हा तोच दिसतो, हे खरं, आणि तेही लॉस नसलेल्या केबलमध्ये. पण एसडब्ल्यूआर लांबीवर अवलंबूनच नाही. लॉस नसेल तर केबलवर कुठेही मोजा, 19.8 असो की 20, एसडब्ल्यूआर तोच. बदलत जातो तो रोध, गुणांकाचा आकार नाही. वीस सेंटिमीटर कापून 1.63 चा 3 होणार नाही.

अँटेनाच्या केबलवर लांबी बदलल्याने मीटरचा एसडब्ल्यूआर उड्या मारत असेल, तर लांबी जुळवत बसू नका. बहुतेक वेळा केबलच्या ब्रेडच्या बाहेरच्या अंगावरून प्रवाह वाहत असतो आणि केबलच अँटेनाचा भाग झालेली असते. अँटेनाच्या तोंडाशी केबलवर फेराइटच्या रिंगा किंवा चोक लावून बघा, उड्या थांबल्या तर तेच होतं.

1.63 मात्र लॉसचंच काम आहे, इथे तुमचं पहिलं उत्तर लागू पडतं. पल्ससाठी लॉस थोडा होता, 100 मेगाहर्ट्झला तो बराच आहे. 100 मीटरला साधारण 16 डीबी, म्हणजे 20 मीटरला 3.2, जाऊन-येऊन 6.4 डीबी. व्होल्टेज 0.48 पट. 0.5 चं 0.24 झालं.

```
SWR = (1 + 0.24) / (1 − 0.24) = 1.63
```

नॅनोव्हीएनए खोटं बोलत नाही. तो केबलच्या जवळच्या टोकाचा एसडब्ल्यूआर सांगतोय, तुम्हाला लांबच्या टोकाचा हवा आहे. याच केबलचं टोक पूर्ण उघडं ठेवलं तरी इथे 2.8 च्या पुढे आकडा जाणार नाही. म्हणून लांब बारीक केबलवर खालून 1.5 दिसला म्हणून वर अँटेना ठीक आहे असं समजू नये. केबल जितकी वाईट, तितका खालचा आकडा गोड दिसतो.

प्रयोगवही

हे पटलं. मग लॉस काढून टाकून टोकावरचा आकडा कसा मिळवायचा? केबलच्या तक्त्यातला लॉस धरायचा की मोजायचा?

अर्धतरंग

मोजायचा, आणि त्यासाठी वेगळं काही लागत नाही. टोक उघडं ठेवून एकदा वाचा. उघड्या टोकाचा गुणांक 1, म्हणजे जे कमी दिसेल तो सगळा केबलचा जाण्या-येण्याचा लॉस. मग 150 लावून वाचा आणि पहिल्याशी तुलना करा. पल्सला उंचींचा भागाकार, नॅनोव्हीएनएला रिटर्न लॉसमधली वजाबाकी. नॅनोव्हीएनएचं कॅलिब्रेशन त्याच्या तोंडाशी करा, केबलच्या लांबच्या टोकाला नको, नाहीतर लॉस आधीच वजा झालेला असेल.

प्रयोगवही

39 ओहम टाकून सगळं परत मोजलं.

सुटणारा पल्स 2.46 व्होल्ट. टोक उघडं: 202 नॅनोसेकंदांना 2.0 व्होल्ट. टोकाला 150: 1.0 व्होल्ट. टोकाला 17: उलटा, 1 व्होल्टच्या किंचित खाली. 404 ला उघड्या टोकातही जेमतेम ओळखू येईल असा फुगवटा, बाकी दोन्हीत काही नाही.

नॅनोव्हीएनए, 100 मेगाहर्ट्झ: उघड्या टोकाचा रिटर्न लॉस 6.4 डीबी, 150 ला 12.4.

म्हणजे पल्सवरून 1.0 भागिले 2.0, अर्धा. नॅनोव्हीएनएवरून फरक 6 डीबी, तोही अर्धा. दोन्हीकडून एसडब्ल्यूआर 3.

गणिती चिमणी

आता पल्स रुंद करून बघा, 2 मायक्रोसेकंद. पण 39 काढून, मूळ गेटवरच. पहिली पायरी 4.0, मग 202 ला वर उडी, 404 ला थोडी खाली, पुढे छोट्या छोट्या पायऱ्या, आणि शेवटी ती 5 × 150/162.5, म्हणजे 4.6 व्होल्टच्या आसपास स्थिरावेल. केबल जणू नाहीच, नुसते दोन रेझिस्टर. परावर्तनांची बेरीज शेवटी साध्या व्होल्टेज विभाजकाच्या उत्तरावर येते, हे पडद्यावर बघण्यासारखं आहे. शेवटचा आकडा तिथे आला नाही तर टोकाचा रेझिस्टर तपासा.

रेघोटी

स्कोपला 50 ओहमचं इनपुट आहे. टीवर तेच निवडलं तर जास्त बरोबर नाही का? सगळं 50 होईल.

अर्धतरंग

नाही, नेमकं तिथेच बिघडतं. टीवर केबलचे 50 आहेतच, त्यांना समांतर स्कोपचे 50 आले की पुढे जाणाऱ्याला 25 दिसतात. सुटणारा पल्स 2.46 वरून 1.65 च्या आसपास येतो, आणि परत येणाऱ्यालाही समोर 25 दिसतात, म्हणजे पुन्हा Γs ऋण. टीवर 1 मेगाओहमच. 50 ओहमचं इनपुट वापरायचं तर लांबच्या टोकाला, 150 च्या जागी. तिथे काहीच परत येणार नाही, आणि केबलचा एकेरी लॉसही थेट वाचता येईल.

प्रोब वापरत असाल तर मगरीच्या चिमट्याची लांब ग्राउंड तार काढून टोकाची स्प्रिंग लावा. लांब तारेने प्रत्येक कडेवर जी थरथर येते ती परावर्तनासारखीच दिसते. ओळखायची खूण सोपी: केबलची लांबी बदलली तरी तिची वेळ बदलत नाही.

प्रयोगवही

एक गोष्ट राहिली. 39 टाकल्यावर 81 नॅनोसेकंदांना एक बारीकशी खोच दिसू लागली आहे. आधी ती लक्षात आली नव्हती. साधारण 0.07 व्होल्ट खाली, टोकदार, आणि बरोबर 50 नॅनोसेकंदांनी तेवढीच वर. टोकाला काहीही लावलं तरी ती तशीच राहते.

गणिती चिमणी

81 चं निम्मं 40.5, भागिले 5.05, म्हणजे टीपासून 8 मीटर. आधी दिसली नाही कारण गेटचे 12.5 ओहम तिलाही 0.4 पट करत होते, आणि वरती 4 व्होल्टचं प्रमाण लावलेलं असेल.

अर्धतरंग

सुटणाऱ्या कडेला खाली आणि उतरणाऱ्या कडेला वर, म्हणजे तिथे केबलला जास्तीची कपॅसिटन्स आहे. फार आखूड जागेत, कारण पल्सची सपाट माथ्याची उंची बदलत नाही, फक्त कडांना जाणवतं. इंडक्टन्स असता तर आधी वर आणि मग खाली आलं असतं. 8 मीटरवर जोड आहे का?

प्रयोगवही

आहे. यूएचएफ पद्धतीचे दोन कनेक्टर आणि मध्ये बॅरल, वरून श्रिंक ट्यूब. पण त्याच्या जवळच, वीतभर अंतरावर, केबल दरवाजाखाली चेपलेली आहे.

तांब्याची तार

मग चेपलेली जागाच. आतली तार ब्रेडच्या जवळ गेली की कपॅसिटन्स वाढते, रोध कमी होतो. तेवढा तुकडा कापून नवीन जोड टाका.

अर्धतरंग

चेपल्याने तसं होतं, खरं आहे. पण यूएचएफ कनेक्टरही 50 ओहमचा नसतो, तोही 50 च्या खालीच, त्यामुळे तोही हीच खोच देतो. आणि वीतभर अंतर म्हणजे जाऊन-येऊन 2 नॅनोसेकंद. 74एसी14 ची कड साधारण तेवढीच, त्यात स्कोप 100 मेगाहर्ट्झचा असेल तर त्याची स्वतःची 3.5 नॅनोसेकंद. दोन जागा वेगळ्या दिसणारच नाहीत. या पल्सवरून कोण दोषी ते सांगता येणार नाही.

श्रिंक ट्यूब काढून बॅरल आणि दोन्ही कनेक्टरच्या जागी बीएनसी टाका, चेपलेला भाग तसाच राहू द्या. खोच गेली तर कनेक्टर, राहिली तर चेपलेली जागा, निम्मी झाली तर दोन्ही. एका वेळी एकच बदल.

तांब्याची तार

मी अजूनही चेपलेल्या जागेवरच आहे. 0.07 व्होल्ट एका बॅरलसाठी जास्त वाटतात.

गणिती चिमणी

बॅरल आणि दोन कनेक्टर मिळून 4 सेंटिमीटर धरले, 35 ओहम धरले, तर गुणांक −0.18, आणि 2 नॅनोसेकंदांच्या कडेत त्यातला साधारण पाचवा भागच दिसतो. 2.46 वर ते साधारण 0.08 ते 0.09 येतं, वाटेतला लॉस आणि स्कोपने बोथट केलेली कड वजा करून थोडं कमी. म्हणजे एकटा बॅरलही पुरेसा आहे. पण 35 हा आकडा मी धरलेला आहे, मोजलेला नाही.

मनोरा

आमच्या केबलवर पल्सची वेळ लिहून ठेवली. उलटा पल्स 172 नॅनोसेकंदांना येतोय. म्हणजे 17 मीटर, आणि केबल 17 चीच आहे. 8 मीटरवर खोच बिच नाही, मध्ये जोडही नाही.

प्रयोगवही

बीएनसीचे दोन तुकडे मागवतो. आले की आधी फक्त जोड बदलून इथेच लिहीन.